सुशीसोबतची हिरवी गोळी : वासाबी किती, मोहरी किती?

नाशिकच्या कॉलेज रोडवर किंवा गंगापूर रोडवर आता सुशी मिळते, याचे कोणाला नवल वाटत नाही. शिजवून मग सिरका कालवलेला चिकट भात, त्यात काकडी, गाजर, पनीर किंवा मासा, आणि वरून समुद्रशेवाळाच्या काळ्या पानाची गुंडाळी, असा हा जपानी पदार्थ. मासा नको असलेल्यांसाठी शाकाहारी सुशीही असते, त्यामुळे आपल्या घरांतली कॉलेजची मुले-मुली ती बिनधास्त मागवतात. ताटलीत सुशीबरोबर तीन गोष्टी येतात : छोट्या वाटीत सोया सॉस, आल्याचे गुलाबी पातळ काप आणि कोपऱ्यात सुपारीएवढी हिरवीगार गोळी. पुदिन्याची चटणी समजून कोणी ती अख्खी तोंडात टाकली, तर पुढचा अर्धा मिनिट डोळ्यांतून पाणी आणि नाकातून जाळ! मग वेटर सांगतो, "ही वासाबी आहे, अगदी थोडी घ्यायची असते."

घरी आल्यावर मुले विचारतात, वासाबी म्हणजे काय? आणि कोणीतरी म्हणते, ती खरी वासाबी नसतेच, नुसता रंग लावलेला मुळा असतो. यातले खरे काय? थोडक्यात उत्तर असे : नाशिकला, मुंबईला आणि जगातल्या बहुतेक शहरांत सुशीबरोबर जी हिरवी गोळी मिळते, ती बहुधा हॉर्सरॅडिश नावाच्या पांढऱ्या मुळाची पूड, मोहरीची पूड, थोडा स्टार्च आणि हिरवा रंग यांची बनलेली असते. खरी वासाबी तिच्यात अजिबात नसते, किंवा नावापुरती असते. तरीही तिला सरसकट भेसळ म्हणणे बरोबर नाही. कुठे म्हणावे आणि कुठे म्हणू नये, ते समजण्यासाठी आधी हा झणका कुठून येतो ते पाहू. त्यासाठी जपानला जायची गरज नाही, आपल्या स्वयंपाकघरातली मोहरी पुरेशी आहे.

मोहरी नाकात का जाते?

मोहरीचा अख्खा दाणा चावून पाहा. सुरुवातीला तो तिखट लागत नाही, किंचित कडवट लागतो. फोडणीत तडतडलेली मोहरीही झोंबत नाही, तिला खमंग वास असतो. पण तीच मोहरी थंड पाण्याबरोबर वाटून फेसली, जशी आपण काकडीच्या कोशिंबिरीसाठी किंवा लोणच्यासाठी फेसतो, की ती थेट नाकात जाते. एकाच दाण्याची ही तीन रूपे का?

दाण्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत बंद असतात. एक सिनिग्रिन नावाचे द्रव्य, जे स्वतः झोंबत नाही. दुसरे मायरोसिनेज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. दाणा ठेचला आणि पाणी मिळाले की दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून तिसरे द्रव्य तयार होते. त्याचे नाव अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला झणक्याचे तेल म्हणू. वनस्पतीने हे स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलेले असते. अळीने पान किंवा मूळ चावले की तिच्या तोंडातच हे तेल तयार होते.

हे तेल लगेच उडून जाणारे आहे. तोंडात तयार झाले की त्याची वाफ घशाच्या मागून नाकात चढते आणि तिथल्या वेदना ओळखणाऱ्या मज्जातंतूंना टोचते. मिरचीचे तसे नसते. मिरचीतले द्रव्य उडत नाही, ते जिभेला चिकटून राहते. म्हणून मिरचीची आग बराच वेळ टिकते, तर फेसलेल्या मोहरीचा झणका काही क्षणांत येतो आणि तितक्याच चटकन ओसरतो.

घरी करून पाहता येईल असा एक सोपा प्रयोग आहे. दोन चमचे काळी किंवा तपकिरी मोहरी कोरडीच बारीक वाटा आणि पूड दोन वाट्यांत निम्मी-निम्मी घ्या. एका वाटीत दोन चमचे थंड पाणी घालून कालवा. दुसरीत दोन चमचे उकळते पाणी घाला. दोन्ही झाकून दहा मिनिटे ठेवा. मग झाकण काढून जरा दुरूनच वास घ्या, वाटीवर तोंड नेऊ नका आणि तो हात डोळ्याला लावू नका. थंड पाण्याची वाटी नाक झणझणवील. उकळत्या पाण्याची वाटी बरीच मवाळ असेल, कारण उष्णतेने विकर निकामी झाले आणि झणक्याचे तेल तयारच झाले नाही. फोडणीतली मोहरी झोंबत नाही, तेही याच कारणाने. प्रयोगासाठी पिवळी मोहरी घेऊ नका. तिच्यातले द्रव्य वेगळे असते, ते जिभेवर तिखट लागते पण नाकात फारसे चढत नाही.

आता वासाबीकडे येऊ. वासाबी, हॉर्सरॅडिश आणि मोहरी या तिन्ही वनस्पती एकाच कुळातल्या आहेत. कोबी, फ्लॉवर, मुळाही त्याच कुळातले. वासाबी आणि हॉर्सरॅडिश या दोन्हींत सिनिग्रिन आणि मायरोसिनेज असते आणि दोन्हींतून तेच झणक्याचे तेल निघते. म्हणजे हॉर्सरॅडिशची गोळी खाऊन नाकात जी आग होते ती खोटी नाही. नाव उसने आहे, ठसका अस्सल आहे. जपानी संशोधकांनी ऐकू न येणाऱ्यांसाठी आगीची सूचना देणारे एक यंत्र बनवले. ते घंटा वाजवत नाही, खोलीत वासाबीचा हा झणका सोडते आणि झोपलेला माणूस त्याने जागा होतो. या कामाला २०११ साली रसायनशास्त्राचे इग नोबेल मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा हा पुरस्कार आहे.

मग खऱ्या वासाबीत वेगळे काय?

वासाबीचे झाड जपानच्या डोंगराळ भागात झऱ्यांच्या काठी वाढते. पाने हृदयाच्या आकाराची, आणि खायचा भाग म्हणजे जमिनीलगत वाढणारे खोड. ते आल्यासारखे गाठाळ, बाहेरून हिरवट-तपकिरी आणि आतून फिकट हिरवे असते. हे खोड बारीक दातांच्या किसणीवर गोल-गोल फिरवत घासतात. जपानमध्ये यासाठी पूर्वापार शार्क माशाच्या खरबरीत कातड्याची फळी वापरतात. खोड जितके बारीक चिरडले जाईल, तितके विकर आणि सिनिग्रिन अधिक एकत्र येतात आणि चव अधिक खुलते.

किसल्यावर काही मिनिटांत झणका शिगेला पोहोचतो आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत उतरू लागतो. म्हणून जिथे खरी वासाबी देतात तिथे ती ग्राहकासमोर किंवा ऐनवेळी किसतात. चवीतही फरक आहे. झणक्याच्या तेलाशिवाय खऱ्या वासाबीत त्याच जातीची आणखी काही द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे तिला ताज्या कापलेल्या पाल्यासारखा सौम्य वास येतो आणि झणका ओसरल्यावर तोंडात किंचित गोडवा राहतो. हॉर्सरॅडिशचा वास मुळ्याच्या बाजूने जाणारा आणि उग्र असतो, आणि मागे गोडवा राहत नाही.

ती सगळीकडे का मिळत नाही, याचे पहिले कारण शेती. उत्तम वासाबी वाहत्या, स्वच्छ, गार पाण्यात वाढते. वर्षभर साधारण बारा-पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपास राहणारे झऱ्याचे पाणी, सावली, आणि मुळांभोवती वाळू-खडीतून सतत वाहणारी धार, हे सगळे जुळून यावे लागते. पीक तयार व्हायला दीड ते दोन वर्षे लागतात. जपानच्या शिझुओका भागातल्या डोंगरउतारांवर दगड-वाळूचे टप्पे करून शेकडो वर्षे ही शेती होते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१८ साली तिला जागतिक महत्त्वाच्या शेतीवारशाचा दर्जा दिला. आपल्या गोदावरीचे एप्रिल-मेमधले पाणी आठवून पाहा, म्हणजे ही वनस्पती नाशिकच्या मळ्यात का लावता येत नाही ते ध्यानात येईल.

दुसरे कारण नाजूकपणा. परदेशी बाजारात ताज्या वासाबीचा किलोचा भाव शंभर अमेरिकी डॉलरच्या पुढे जातो. नुसत्या हिशेबासाठी शंभर डॉलर आणि एका डॉलरचे ८५ रुपये धरू. एका ताटलीला पाच ग्रॅम वासाबी लागली, तर किंमत अर्धा डॉलर, म्हणजे सुमारे ४२ रुपये. चारशे रुपयांच्या ताटलीत हा खर्च मोठा आहे, पण अशक्य नाही. खरी अडचण पुढे आहे. खोड विमानाने आणायचे, ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये जपायचे, काही आठवड्यांत संपवायचे, वाळलेला भाग कापून टाकायचा आणि गिऱ्हाईक आल्यावर प्रत्येक वेळी किसायचे. ज्या कॅफेत दिवसाला पाच-सहाच ताटल्या जातात, तिथे अर्धे खोड फुकट जाईल. पुडीचे पाकीट मात्र कपाटात महिनोन्‌महिने टिकते, लागेल तेव्हा दोन चमचे कालवले की काम झाले.

हॉर्सरॅडिश आले कुठून?

हॉर्सरॅडिश हे युरोपातले मूळ. दिसायला जाड, पांढरट, लांबट मुळ्यासारखे. युरोपात ते किसून, सिरका घालून भाजलेल्या मांसाबरोबर शतकानुशतके खाल्ले जाते. ते कणखर आहे, साध्या शेतात भरघोस येते आणि स्वस्त पडते. जपानी भाषेत त्याला "पाश्चिमात्य वासाबी" असे म्हणतात. म्हणजे वासाबीऐवजी हॉर्सरॅडिश वापरण्याची युक्ती परदेशी हॉटेलवाल्यांची नाही. ती खुद्द जपानचीच आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे वासाबीची पूड बाजारात आली आणि १९७०च्या दशकात ट्यूब घरोघरी पोहोचली. हॉर्सरॅडिश आतून पांढरे असल्यामुळे त्याला हिरवा रंग द्यावा लागला. जपानी घरातही रोजच्या जेवणाला बहुतेक वेळा ट्यूबच उघडली जाते.

आपल्या देशातही हॉर्सरॅडिशच्या नावाने एक अदलाबदल झाली होती, तीही एका ओळखीच्या झाडाच्या बाबतीत. भारतात राहणाऱ्या इंग्रजांना मांसाबरोबर हॉर्सरॅडिश हवे असे, पण इथल्या उन्हाळ्यात ते नीट येत नसे. मग ते शेवग्याचे मूळ किसून वापरू लागले, कारण त्यालाही तसाच झणका असतो. म्हणूनच इंग्रजीत शेवग्याला आजही हॉर्सरॅडिशचे झाड असे एक नाव आहे. वासाबीच्या जागी हॉर्सरॅडिश आणि हॉर्सरॅडिशच्या जागी शेवगा! मात्र हे वाचून कोणी अंगणातला शेवगा खणू नये. त्याच्या मुळात आणि मुळाच्या सालीत घातक द्रव्ये असतात. शेंगा आणि पाला खावा, मूळ खाऊ नये.

पाकीट वाचायचे कसे?

सुशी देणाऱ्या एका कॅफेत मी विचारले, "वासाबी कोणती वापरता?" काउंटरवरच्या मुलाने सहज सांगितले, "मॅडम, पावडर येते, पाण्यात कालवतो." त्याने आतून पाकीट आणून दाखवले. त्याला यात लपवण्यासारखे काही वाटले नाही, आणि तसे काही नव्हतेही. पाकिटावर सगळे छापलेले होते, फक्त ते वाचायला हवे.

भारतातल्या लेबलच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जो घटक सर्वांत जास्त तो पहिला. समजा पुडीच्या पाकिटावर असे आहे : "हॉर्सरॅडिश पावडर, मोहरी पावडर, मक्याचा स्टार्च, आम्लता नियंत्रक (३३०), रंग (१०२, १३३)." पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत वासाबी आणि शेजारी हिरव्या खोडाचे चित्र आहे, पण घटकांत वासाबीचे नावच नाही. मग ही हॉर्सरॅडिश-मोहरीची पूड झाली. १०२ म्हणजे टार्ट्राझिन हा पिवळा रंग आणि १३३ म्हणजे ब्रिलियंट ब्ल्यू हा निळा. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो, हे पहिली-दुसरीची मुलेही सांगतील.

आता ट्यूब घ्या. समजा तिच्यावर लिहिले आहे : "हॉर्सरॅडिश, सॉर्बिटॉल (४२०), तेल, पाणी, मीठ, वासाबी ३ टक्के, झँथन गम (४१५), रंग." इथे वासाबी आहे, पण मिठाच्याही मागे. ट्यूब मऊ राहावी म्हणून सॉर्बिटॉल, पाणी आणि तेल वेगळे होऊ नये म्हणून झँथन गम. एखाद्या घटकाचे नाव किंवा चित्र पाकिटावर ठळक दाखवले, तर तो किती टक्के आहे ते सांगण्याचा नियम आपल्याकडे आहे. म्हणून ठळक नाव दिसले की आकडा शोधावा.

जपानी ट्यूबवर आणखी एक बारकावा असतो. तिथल्या उद्योगाच्या संकेतानुसार अस्सल वासाबी निम्मी किंवा अधिक असेल तर "वापरलेली" असा शब्द आणि निम्म्यापेक्षा कमी असेल तर "घातलेली" असा शब्द येतो. आपल्या लेखी दोन्ही सारखेच, तिथे मात्र त्या एका शब्दाने किंमत बदलते. "अस्सल वासाबी असलेली" एवढ्या शब्दांवर जादा पैसे मोजण्यापूर्वी म्हणूनच टक्केवारी पाहावी.

आपल्या घरांच्या दृष्टीने लेबलवर तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पहिली अल्कोहोल. वासाबी, हॉर्सरॅडिश आणि मोहरी या वनस्पती आहेत, त्यांच्याबद्दल प्रश्न नाही. पण काही जपानी ट्यूबमध्ये टिकवण्यासाठी अल्कोहोल घातलेले असते आणि ते घटकांत लिहिलेले असते. सुशीच्या भातात मिरिन नावाचे गोडसर तांदळाचे मद्य घालतात का, सोया सॉस कोणता आहे, हेही त्याच दमात विचारून घ्यावे. साध्या कोरड्या पुडीत सहसा ही अडचण नसते. दुसरी गोष्ट मोहरीची अ‍ॅलर्जी. युरोपात मोहरी हा अ‍ॅलर्जीचा घटक म्हणून वेगळा दाखवावा लागतो, आपल्याकडच्या सक्तीच्या अ‍ॅलर्जी यादीत मोहरी नाही. ज्याला मोहरी चालत नाही त्याने घटकांची पूर्ण ओळ वाचावी आणि पाकीट पाहायला मिळत नसेल तर हिरवी गोळी बाजूला ठेवावी. काही ट्यूबमध्ये दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोजही असते. तिसरी गोष्ट रंग. टार्ट्राझिन आपल्याकडे ठरावीक मर्यादेत परवानगी असलेला रंग आहे. मात्र तो असलेल्या पदार्थावर, लहान मुलांच्या चंचलतेवर आणि एकाग्रतेवर त्याचा परिणाम होऊ शकतो, अशी सूचना युरोपात २०१०पासून छापावी लागते. वाटाण्याएवढ्या गोळीतला रंग थोडाच असतो, पण वासाबी लावलेले वाटाणे मुले मूठ-मूठ खातात, तिथे हा आकडा पाहावा.

ताटलीत ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. भडक, एकसारखा पिस्ता रंग, मळलेल्या कणकेसारखा गुळगुळीत पोत, आधीच वळून ठेवलेली गोळी किंवा पान-फुलाचा आकार, आणि तासाभराने चाखली तरी तोच झणका, अशी लक्षणे असली की ती पुडीची किंवा ट्यूबची समजावी. खरी किसलेली वासाबी फिकट हिरवी आणि एकसारख्या रंगाची नसते, ओल्या किसासारखी रवाळ असते, तिच्यात बारीक तंतू दिसतात. ती ऐनवेळी येते, थोडी येते, आणि तिचे पैसे बिलात सहसा वेगळे लागतात. फुकट आणि मागाल तितकी मिळणारी वासाबी खरी असणे कठीण.

पण नुसत्या नजरेवर पैज लावू नये. किसून गोठवलेली वासाबीही मिळते, आणि चांगल्या प्रतीच्या मिश्रणात खोडाचे तंतू मुद्दाम घातलेले असतात. रंग पाण्यात उतरतो का हे पाहण्याची घरगुती चाचणीही अपुरी आहे. पाणी हिरवे झाले तर रंग घातला आहे एवढेच कळते, आत वासाबी किती ते कळत नाही. खात्रीचे उपाय दोनच : समोर खोड किसलेले पाहणे, किंवा पाकीट वाचणे.

पुडी कालवतानाही पद्धत असते, ती माहीत नसेल तर चांगली पूडही फिकी लागते. पूड आणि थंड पाणी साधारण समान घ्यावे, घट्ट गोळा होईल इतपत कालवावे आणि वाटी उपडी करून पाच-दहा मिनिटे ठेवावी. उपडी करायची ती झणक्याची वाफ उडून जाऊ नये म्हणून, आणि थांबायचे ते विकराला वेळ मिळावा म्हणून. गरम पाणी घातले तर काय होते ते वर मोहरीच्या प्रयोगात पाहिलेच. पुडी कालवल्याबरोबर चाखून "हिच्यात दम नाही" म्हणणारे लोक घाई करत असतात.

फायद्याचे निरोप आणि कच्चा मासा

मोबाइलवर अधूनमधून निरोप फिरतो की वासाबी खाल्ल्याने स्मरणशक्ती वाढते. याचे मूळ खरे आहे. जपानच्या तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. साठीपुढच्या ७२ निरोगी माणसांपैकी काहींना बारा आठवडे वासाबीच्या अर्काची गोळी दिली आणि इतरांना तशीच दिसणारी साधी गोळी. अर्क घेणाऱ्यांची काही प्रकारची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. पण त्या अर्कात जे द्रव्य मोजून दिले होते, ते खऱ्या वासाबीचे खास द्रव्य आहे. झणक्याच्या तेलाहून ते निराळे. मोहरी-हॉर्सरॅडिशच्या हिरव्या गोळीकडून त्या फायद्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. ७२ माणसांचा एक अभ्यास हा अब्बा-अम्मींसाठी काही विकत घेण्याइतका मोठा पुरावाही नव्हे. पाकिटावर वासाबीचे गुण छापलेले आणि घटकांत हॉर्सरॅडिश, असे दिसले तर मात्र ती गोष्ट गंभीर आहे.

दुसरा समज असा की वासाबी लावली की कच्च्या माशातले जंतू मरतात. झणक्याच्या तेलाची वाफ जंतूंची वाढ रोखते हे प्रयोगांत दिसले आहे, आणि त्या बाबतीत हॉर्सरॅडिशही तितकेच काम करते. पण प्रयोगातली बंद डबी वेगळी आणि ताटलीत माशाला लावलेले बोट वेगळे. खराब मासा वासाबीने चांगला होत नाही. नाशिक समुद्रापासून दूर आहे. इथे कच्चा मासा खायचा तर तो कुठून आणि किती थंड ठेवून आणला, हे विचारावे. हिरव्या गोळीवर विसंबून राहू नये.

भेसळ कशाला म्हणावे?

पाकिटावर हॉर्सरॅडिश आणि मोहरी स्पष्ट लिहिली आहे, कॅफेवाला विचारल्यावर पाकीट दाखवतो, गोळीचे वेगळे पैसे घेत नाही, तर ती फसवणूक नव्हे. तो एक स्वस्त पर्याय आहे, जो जपानी घरातही चालतो. वासाबी हे नाव त्या चवीला चिकटून गेले आहे इतकेच. पण मेनूमध्ये "ताजी वासाबी" किंवा "शंभर टक्के अस्सल" लिहून वेगळे पैसे लावले आणि ताटलीत रंगीत पूड आली, तर ते सरळ खोटे बोलून विकणे झाले. तिथे खोड पाहायला मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ज्याच्याकडे खरी वासाबी असते तो ती आनंदाने दाखवतो, कारण त्याने तिच्यासाठी बरेच पैसे मोजलेले असतात.

आणि ज्यांना फक्त झणका हवा आहे, त्यांनी काळी मोहरी थंड पाण्यात फेसून, झाकून, दहा मिनिटांनी काकडीवर घालावी. आग तीच, त्याच तेलाची. फक्त ती हिरवी नसेल, आणि तिला कोणी वासाबी म्हणणार नाही.